कोठी भरलेली, ताट रिकामं

बंगळूर,
९ जून

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आई सगळ्याला "हो गं, हो" म्हणते आणि बाबा नेमका तेव्हाच टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून हे पत्र. मृग लागलाय. पुढच्या पंधरा दिवसांत वाण्याकडे जाल, त्याच्या आत हे दोघांनी एकदा वाचा. नंतर भांडा हवं तर.

२५ जुलै २०२४ ची ती पहाट. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी एकतानगरीत शिरलं, आपल्या पार्किंगमध्ये गुडघ्याच्या वर आलं. आपण पहिल्या मजल्यावर, म्हणून घर वाचलं, पण मीटरच्या पेट्या खालीच होत्या. तीन दिवस वीज नाही. तेव्हा मला पुराची काळजी वाटली, जेवणाची अजिबात वाटली नाही. आईची कोठी बारा महिने भरलेली असते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

चौथ्या दिवशी मी आले आणि डबे उघडले. पत्र्याच्या डब्यात पंधरा किलो गहू होते, कणीक मात्र जेमतेम वाटीभर. गिरणी बंद, कारण गिरणीलाही वीज लागते. बाजरीचं पीठ होतं, ते तीन आठवड्यांचं, चाखलं तर कडू. फ्रिजमध्ये भिजवलेल्या मटकीला तार सुटली होती आणि इडलीचं पीठ पातेल्याबाहेर येऊन खालच्या भाजीच्या कप्प्यात टपटपत होतं. भरपूर चटणी करायची म्हणून आणलेले शेंगदाणे तसेच, कारण मिक्सर बंद. तुम्ही दोघं दोन दिवस कोरा चहा आणि बिस्किटं खाऊन राहिलात. मधुमेहाच्या माणसाने ग्लुकोज बिस्किटांचे सहा पुडे संपवले, आणि वर मला "आमचं उत्तम चाललंय" असं सांगितलं! बाबा, हे मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा यंदा सामान वाढवायचं नाहीये. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: गिरणी, मिक्सर, फ्रिज आणि पाण्याची मोटर या चौघांशिवाय ही ताटात येते का? येत असेल तर ती पावसाची शिदोरी. नाहीतर ती कोठीत छान दिसते, एवढंच.

पिठापासून सुरुवात करा. जून संपायच्या आत चार किलो गहू दळून आणा. रोज दोघांची मिळून २०० ग्रॅम कणीक धरली तर आठवड्याला दीड किलो पुरते. उरलेली त्याच महिन्यात वापरून टाकायची आणि जुलैच्या अखेरीला पुन्हा दळण टाकायचं. दळण गरम असताना डब्यात भरू नका. पेपरवर पसरून पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर आत वाफ धरते आणि गाठी होतात. बाजरी मात्र दळून ठेवायची नाही. तिच्यात तेल जास्त असतं, त्यामुळे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं, पावसाळ्यात तर आधीच. बाजरीची भाकरी पाऊस उघडल्यावर खा.

डाळीत तूर आहे तशी राहू दे, पण तिच्या भरवशावर बसू नका. मसूर डाळ आणि पिवळी मुगडाळ दोन्ही उघड्या पातेल्यातसुद्धा पंधरा-वीस मिनिटांत शिजतात, त्यामुळे गॅसही वाचतो. अर्धा-अर्धा किलो आणा. त्याच्या जोडीला अर्धा किलो बेसन. पिठल्याला मिक्सर नको, भिजवणं नको, दहा मिनिटांत ताटात. कुळथाचं पीठ मिळालं तर तेही पाव किलो घ्या.

आता तांदूळ. दोघांना रोज दीडशे ग्रॅम, म्हणजे आठवड्याला साधारण एक किलो. तो तुमच्याकडे असतोच, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त आई, दर वेळी डबा उघडून ओल्या हाताने चिमूटभर चाखायची सवय आहे ना तुला, ती चार महिने सोड.

खरी गंमत न शिजवता खायच्या गोष्टींची आहे. आजी श्रावणात करायची त्यातल्या निम्म्या गोष्टी यात बसतात. मेतकूट, सातूचं पीठ, पातळ पोहे. सातूच्या पिठात गूळ आणि पाणी घातलं की झालं. बाबांसाठी गुळाऐवजी मीठ, जिरं आणि लिंबू. मेतकूट-भाताला वरण लागत नाही. दडप्या पोह्यांना कांदा, लिंबू आणि सुकं खोबरं पुरतं. ते खोबरं आत्ताच किसून मंद भाजून ठेव. शेंगदाणेही भाजून कूट आत्ताच कर, पण पाव किलोचंच, कारण कूट फार दिवस ठेवलं की खवट होतं. खलबत्ता माळ्यावरून खाली काढा. दाण्यांना जरा जरी बुरशीचा वास आला किंवा हिरवट-काळे डाग दिसले तर निवडत बसू नका, सगळे फेकून द्या. बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही.

रवा विकत आणल्या दिवशीच कोरडा, मंद आचेवर भाजायचा, दाणा हलका होईपर्यंत. त्याने त्यातली किडीची अंडी मरतात आणि उपमा पाच-सात मिनिटांत होतो. पोहे नरम पडले तर फेकू नका, कोरड्या कढईत दोन मिनिटं हलवा, परत कुरकुरीत होतात. सगळं काचेच्या किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि डब्यावर तारखेची चिठ्ठी लावा. नवीन मागे, जुनं पुढे. हे तुला मी शिकवावं असं नाही, पण मागच्या खेपेला २०२१ ची साबुदाण्याची पिशवी सापडली होती, म्हणून आपलं.

पापड-लोणची भरपूर आहेत हे मला ठाऊक आहे. ती तोंडी लावायला, पोट भरायला नव्हेत. आईचं बीपी बघता आठवडाभर पापड, लोणचं आणि पाकिटातलं सूप असं खाल्लं तर मीठ फार होतं.

दुधासाठी पावडरीचं अर्धा किलोचं पाकीट घ्या, साखर न घातलेली. तुम्हाला दिवसाला अर्धा लिटर लागतं. अर्ध्या लिटरला साधारण साठ ग्रॅम पावडर, म्हणजे सात दिवसांचे सव्वाचारशे ग्रॅम, पाकीट बरोबर पुरतं. त्याच दुधाला विरजण लावलं तर दहीही लागतं. बंद खोक्यातलं दूध आणलंत तर २०० मिलीचंच आणा. लिटरचं खोकं एकदा फोडलं की फ्रिजशिवाय त्याच दिवशी संपवावं लागतं.

भाज्यांचं एकच सांगते. पुरात मंडईतून भाजी येत नाही आणि घरपोच देणारी मुलंही येऊ शकत नाहीत. म्हणून पाऊस लागायच्या आधी न चिरलेला लाल भोपळा, सुरण, बटाटे, कांदे. कांदे-बटाटे वेगवेगळ्या टोपल्यांत, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. वीज गेल्यावर फ्रिज सारखा उघडू नका. बंद ठेवला तर आतला थंडावा चारेक तास टिकतो. तेवढ्यात आधी दूध, मग शिजवलेलं अन्न, मग पालेभाजी, या क्रमाने संपवा.

आता पाणी, कारण याचं मला जास्त भय वाटतं. मोटर बंद, म्हणजे वरची टाकी संपली की नळ कोरडा. आणि तुमच्या गाळणीच्या यंत्रालाही वीज लागते. दोघांना पिण्याचं-स्वयंपाकाचं मिळून दिवसाला सहा-सात लिटर धरा, आठवड्याला पन्नास. २० लिटरचे दोन झाकणाचे कॅन आणि आजीची तांब्याची कळशी, एवढं पुरतं. जोराच्या पावसाचा अंदाज आला की भरून ठेवायचं. आणि वीज परत आल्यावरचं लक्षात ठेवा: जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी गेलेलं असू शकतं, आणि मोटर सुरू झाली की तेच वर चढतं. टाकी धुऊन झाल्याशिवाय नळाचं पाणी प्यायचं नाही. उकळायचं असेल तर बुडबुडे जोरात यायला लागल्यावर एक मिनिट उकळत ठेवा. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी ओतून घ्या, मग उकळा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

गॅसचं बाबांनी बघायचं. दुसरा सिलिंडर जून संपायच्या आत भरलेला हवा. चालू सिलिंडरात किती उरलंय ते पाहायला ओलं फडकं वरून खाली फिरवा. रिकामा भाग लवकर वाळतो, खाली गॅस असतो तिथे ओल टिकते, आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. कुकरमध्ये खाली डाळ, वर भात, एकाच शिटीत दोन्ही, आणि चहा एकदाच करून थर्मासमध्ये. काडेपेटी प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा, बिस्किटांच्या डब्यात नको.

पिठाचे आणि डाळींचे डबे खालच्या कप्प्यातून वर आणा. पाणी पहिल्या मजल्यावर आलं नाही तरी ओल खालूनच चढते. औषधांचा पंधरा दिवसांचा जादा साठा आणि चिठ्ठीची झेरॉक्स त्याच वरच्या फळीवर.

बाबा, पानशेत फुटलं तेव्हा, म्हणजे १२ जुलै १९६१ ला, तुम्ही दहा वर्षांचे होतात. ती गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली, पण नंतरच्या दिवसांत आजीने घरात काय शिजवलं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. या वेळी फोनवर सांगा, मी लिहून घेते.

रविवारी संध्याकाळी फोन करते. तोपर्यंत दळण टाकलंत का आणि दुसरा सिलिंडर आला का, एवढं कळवा. आईने "हो गं" म्हटलं तर मी बाबांना विचारणार आहे.

तुमची,
मुक्ता