सुस्कारा थांबवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत ताणतणावावर आलेला लेख वाचला. लेख बरा आहे, पण त्यातल्या एका सल्ल्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. ‘दिवसभरात आपण किती वेळा सुस्कारा टाकतो ते मोजा आणि हळूहळू ती सवय मोडा,’ असे लेखकाने सुचवले आहे. मी भूलतज्ज्ञ आहे. श्वास मोजणे, आणि वेळ आली की तो रुग्णाच्या वतीने चालवणे, हेच माझे रोजचे काम. म्हणून सांगते, की निरोगी माणूस साधारण दर पाच मिनिटांनी एक सुस्कारा टाकतो. झोपेतसुद्धा. त्यातले बहुतेक त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाहीत आणि त्यांचा दुःखाशी काही संबंध नसतो.

सुस्काऱ्यात आपले लक्ष बाहेर सोडलेल्या हवेकडे जाते. खरे काम मात्र हवा आत घेताना होते. नेहमीच्या श्वासात अर्धा लिटरच्या आसपास हवा आत जाते. सुस्काऱ्यात तो श्वास संपतो न संपतो तोच त्याच्यावर दुसरा श्वास चढतो आणि एकूण हवा दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. हा जादा श्वास कशासाठी, हे कळायला फुप्फुसाच्या टोकापर्यंत जावे लागते.

तिथे कोट्यवधी वायुकोश असतात. एकेक कोश मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, आणि आतून ओला. ओल्या पृष्ठभागाला आक्रसण्याची ओढ असते, आणि पोकळी जितकी लहान तितकी ही ओढ तिला जास्त जोराने मिटवू पाहते. कोश मिटू नयेत म्हणून त्यांच्या भिंतीतल्या काही पेशी सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ स्रवतात. त्याचा पातळ थर पाण्यावर पसरतो आणि पृष्ठताण इतका खाली आणतो, की श्वास सोडताना कोश लहान झाला तरी तो सहसा मिटत नाही.

सहसा म्हणण्याचे कारण असे, की एकाच मापाचे छोटे श्वास चालू राहिले तर हा थर हळूहळू निकामी होत जातो. श्वास सोडताना त्यातले काही रेणू दाबले जाऊन पृष्ठभागावरून बाहेर पडतात, आणि पुढचा श्वास लहानच असला तर ते पुरते परतत नाहीत. मग इथला एक, तिथला एक कोश मिटतो. आडवे झोपलेल्या माणसात हे पाठीकडच्या भागात जास्त होते. मिटलेला कोश नेहमीच्या श्वासाने उघडत नाही. ओली प्लास्टिकची पिशवी एकदा चिकटली की ती सुटी करायला, उघडी ठेवण्यापेक्षा जास्त जोर लागतो, तसेच हे. तो जोर सुस्काऱ्यातून मिळतो. त्याच ताणाने भिंतीतल्या पेशीही ताणल्या जातात, त्यांच्या आतले कॅल्शियम वाढते आणि साठवलेला ताजा सर्फॅक्टंट बाहेर पडतो. कोश उघडणे आणि नवा थर पसरणे ही दोन्ही कामे त्या एका श्वासात उरकतात.

सुस्कारा काढून टाकला तर काय होते, याचे उत्तर आमच्याच क्षेत्राने दिले आहे. 1963 मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बेंडिक्सन आणि सहकाऱ्यांनी पोटाची शस्त्रक्रिया चालू असलेल्या 18 रुग्णांची नोंद ठेवली. यंत्र त्यांना ठरावीक मापाचा श्वास देत होते, एकसारखा, सुस्काऱ्याशिवाय. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब सरासरी 22 टक्क्यांनी घसरला, फुप्फुसाचा लवचीकपणा 15 टक्क्यांनी. मग फुप्फुसे हाताने काही वेळा मोठी फुगवल्यावर ऑक्सिजन पुन्हा वर आला. आजही भूल दिलेल्या रुग्णाचा ऑक्सिजन कारण नसताना घसरू लागला, नळी जागेवर असली आणि रक्तदाब ठीक असला, तर आम्ही बेतशीर दाब देऊन काही सेकंद फुप्फुसे फुगवलेली ठेवतो. पडद्यावरचा आकडा सावकाश चढतो. कधी चढतही नाही, तेव्हा कारण दुसरीकडे शोधावे लागते.

वॉर्डातला प्रकार जास्त ओळखीचा आहे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस. रुग्ण मिनिटाला 24 श्वास घेतोय, प्रत्येक पाव लिटरचा. बेरीज सहा लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या 12 श्वासांएवढीच (श्वासनळ्यांतच वाया जाणाऱ्या हवेचा हिशेब सोडून). कागदावर सगळे ठीक, पण ऑक्सिजन 91 टक्के. टाके दुखतात म्हणून तो खोल श्वास घेत नाही. दुखू नये म्हणून मॉर्फीन दिले, तर मॉर्फीन स्वतःच सुस्कारे बंद पाडते! पाठीवर, अगदी खाली, स्टेथोस्कोप ठेवून खोल श्वास घ्यायला सांगितले की पहिल्या दोन-तीन श्वासांत बारीक तडतड ऐकू येते आणि चार-पाच श्वासांनंतर ती विरते. मिटलेले कोश उघडल्याचा तो आवाज. न्यूमोनियातली तडतड अशी लगेच विरत नाही.

अशा रुग्णाला तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्र देतात. त्यात फुंकायचे नसते, हवा ओढायची असते, हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही. शिवाय ते चेंडू हवेचा वेग दाखवतात, माप नाही. झटक्यात ओढले की तिन्ही वर उडतात, नातेवाईक खूश होतात आणि कोश मिटलेले ते मिटलेलेच. एक-दोनच चेंडू वर राहतील इतक्या संथपणे, छाती पूर्ण भरेपर्यंत ओढावे आणि मग तीन ते पाच सेकंद थांबावे. यंत्र नसले तरी असा श्वास घेता येतोच. त्याआधी दुखणे मात्र आटोक्यात हवे.

राहिला ‘सवय मोडण्याचा’ प्रश्न. सुस्काऱ्याचा हुकूम मेंदूच्या बुंध्यातून येतो. 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेल्डमन आणि क्रास्नो यांच्या गटांनी दाखवले, की कुरतडणाऱ्या प्राण्यांत पेप्टाइड प्रकारच्या दोन रसायनांचे मेंदूतले संदेश अडवले की सुस्कारे थांबतात, नेहमीचा श्वास मात्र चालूच राहतो. ती स्वतंत्र यंत्रणा आहे. निश्चयाने ती बंद होत नाही आणि होऊही नये.

लेखकाचे म्हणणे अगदीच निराधार आहे असे नाही. ताणात सुस्कारे वाढतात. मिनिटामिनिटाला मोठा श्वास घ्यावा लागतो, तरी छाती भरल्यासारखी वाटत नाही, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, असे असेल तर डॉक्टरांना दाखवावे. कारण मनाचे असू शकते, पण आधी हृदय, दमा आणि रक्तक्षय तपासून घ्यावेत.

पुढच्या पुरवणीत त्या एका वाक्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती. शस्त्रक्रियेतून नुकताच घरी आलेला एखादा वाचक तो सल्ला मनावर घ्यायचा.

आपली,
एक वाचक (भूलतज्ज्ञ)