परवानगी मागताना

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

पॉलिटेक्निकने तासिका तत्त्वावर कापड-तपासणी शिकवायला बोलावलंय, छान झालं. पण त्यांना होकार कळवायच्या आधी तुझं नेमणूकपत्र काढ आणि 'इतर काम' किंवा 'पूर्णवेळ नोकरी'चं कलम वाच. पूर्वपरवानगीची अट असेल तर ती परवानगी लेखीच घे. साहेब जाता जाता 'हो, बघू' म्हणाले, त्यावर विसंबू नकोस. उद्या ते बदलून गेले की नवे साहेब कागद मागतील.

आधी वेळेचा हिशेब. आठवड्यात दोन संध्याकाळी दीड-दीड तास, म्हणजे तीनच तास, असं सांगशील तर फसशील. पहिल्या वर्षी एका तासाच्या शिकवण्याला दोन तास तयारी लागते असं धर, म्हणजे सहा तास. अक्कलकोट रोडवरून जाण्यायेण्याचा एखादा तास. झाले दहा. शिवाय सत्राअखेरीस साठ पेपर, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे आणखी दहा तास. हा आकडा तूच आधी सांगितलास तर साहेबांचा विश्वास बसतो. त्यांची खरी धास्ती वेगळीच असते: टॉवेलचा कंटेनर निघायच्या आठवड्यात तू सहाला उठून गेलीस तर? म्हणून आधीच सांग की त्या आठवड्यात तास पुढे ढकलला जाईल, आणि कॉलेजकडूनही हे अगोदर कबूल करून घे. कॉलेज तयार नसेल तर अर्जच करू नकोस.

हितसंबंधांचा भाग जास्त नाजूक. वर्गात दुसऱ्या कारखान्याचा माणूस बसलेला असू शकतो. उदाहरण म्हणून तू आपल्याच खरेदीदाराचा नमुना दाखवलास, त्याचं वजन आणि तक्रारीचा अहवाल सांगितलास, तर माहिती बाहेर गेलीच. जीएसएम काढून दाखवायला बाजारातून दोन टॉवेल विकत घे. कंपनीची प्रयोगशाळा, लॅपटॉप, फाइल काहीही वापरू नकोस. तुझाच विद्यार्थी तुमच्याकडे भरतीला आला तर निवडीतून बाजूला हो, आणि हेही अर्जात लिही. कॉलेजच्या जाहिरातीत कंपनीचं नाव येऊ देऊ नकोस. हे बरेचदा राहून जातं आणि त्यावरूनच वाद होतो.

आधी समोर बसून बोल, मग त्याच दिवशी मेल टाक, एचआरला प्रत दे. मजकूर एवढाच:

'मंगळवार व गुरुवार, संध्याकाळी ६.३० ते ८, एका सत्रासाठी शिकवण्याची परवानगी हवी आहे. कामाच्या वेळेत तयारी करणार नाही. शिपमेंटच्या आठवड्यात कारखान्याचं काम आधी. कंपनीची कोणतीही माहिती किंवा साधनं वापरणार नाही. सत्र संपल्यावर आपण पुन्हा आढावा घ्यावा.'

मानधन किती ते विचारलं तर स्पष्ट सांग. आणि हे बोलणं माल रवाना झाल्यावर कर, आदल्या दिवशी नको.

तुझे बाबा
सोलापूर