विषय: लांब रेकॉर्डिंगमध्ये माइकचा आवाज मागे पडतो, त्यावर ‘सुरुवात कोण बघतं?’ हे उत्तर चालणार नाही

प्रति,
व्यवस्थापक, उत्पादन आणि ग्राहक सेवा विभाग

तुमच्या सपोर्टशी झालेला शेवटचा कॉल नुकताच संपला आहे. तक्रार तीच: स्क्रीन रेकॉर्डिंग दोन तासांचे असले की शेवटी माइकचा आवाज चित्राच्या मागे पडतो. कर्सर पुढच्या रकान्यात जाऊन बसलेला असतो आणि आवाज अजून मागच्या रकान्याबद्दल ‘इथे क्लिक करा’ म्हणत असतो.

मोजमाप देतो. रेकॉर्डिंग २ तास ४ मिनिटांचे. पहिल्या मिनिटाला, १ तास १ मिनिटाला आणि २ तास १ मिनिटाला माइकजवळ माउसचा ठळक क्लिक करून खुणा ठेवल्या होत्या. पहिल्या खुणेला आवाज जुळलेला, मधल्या खुणेला ०.४५ सेकंद मागे, शेवटच्या खुणेला ०.९ सेकंद मागे. निम्म्या वेळात निम्मा फरक, म्हणजे घसरण सरळ रेषेत आहे. मध्येच आवाजाचे तुकडे गळाले असते तर फरक पायऱ्यापायऱ्यांनी वाढला असता. सुरुवातीपासून ठरावीक उशीर असता तर तिन्ही खुणांना सारखाच दिसला असता. तुमचा प्रोग्राम सिस्टिमचा आवाज आणि माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवतो, ही त्याची खरोखर चांगली गोष्ट. त्यामुळे हेही दिसते की सिस्टिमचा ट्रॅक शेवटपर्यंत जुळतो आणि फक्त माइकचा घसरतो.

यूएसबी माइकला स्वतःचे घड्याळ असते. नावाला तो सेकंदाला ४८,००० नमुने देतो. संगणकाच्या घड्याळाने मोजले तर हा माइक ४८,००६ देतो. फरक दहा लाखांत १२५ इतका आहे आणि स्वस्त माइकमध्ये तो नवलाचा नाही. तुमचा प्रोग्राम नमुने निमूटपणे ओळीने लिहीत जातो आणि फाइलवर ४८,००० चा शिक्का मारतो. मग वाजवताना आवाज लांबतो: ७,२०० सेकंदांना बरोबर ०.९ सेकंद. हे तुमच्या अभियंत्यांना ठाऊक नसेल असे मानणे त्यांचा अपमान होईल, आणि या पत्रव्यवहारात अपमानाचा कोटा तुमच्या सपोर्टने आधीच संपवला आहे.

आता तो संवाद. सपोर्टने आधी फाइल ठरावीक फ्रेम रेटमध्ये बदलायला सांगितली. फ्रेम रेट बदलता असेल तर एडिटरमध्ये सिंक जातो हे खरे, पण तेव्हा तीच फाइल चांगल्या प्लेअरमध्ये सहसा नीट चालते. ही प्लेअरमध्येही घसरते, आणि `r_frame_rate` व `avg_frame_rate` दोन्ही `30/1` दाखवतात. हे सांगितल्यावर कार्यकारी म्हणाले, “सर, आम्ही इथे पाच मिनिटांचं टेस्ट रेकॉर्डिंग केलं, प्रॉब्लेम येत नाही.” पाच मिनिटांत १२५ च्या हिशोबाने फरक पडतो ३७ मिलिसेकंद, म्हणजे जेमतेम एक फ्रेम. ITU-R BT.1359 या शिफारशीनुसार मागे पडलेला आवाज माणसाला जाणवू लागतो तो साधारण १२५ मिलिसेकंदांपासून, आणि तिथवर पोचायला इथे सतरा मिनिटे लागतात. पाच मिनिटांच्या चाचणीत हा दोष दिसणे शक्यच नाही. हे समजावल्यावर पलीकडे थोडी शांतता, मग: “सर, सेटिंग्जमध्ये ऑडिओ ऑफसेट उणे ९०० करा.” त्याने शेवट जुळेल, पण सुरुवातीला आवाज पाऊण सेकंदाहून जास्त आधी येईल, असे म्हटल्यावर जे उत्तर आले ते जसेच्या तसे देतो: “सर, सुरुवात कोण बघतं? लोक स्किपच करतात.”

वर्ग शिकवणाऱ्यांना पैसे घेऊन विकलेल्या प्रोग्रामची ही अधिकृत भूमिका असेल तर ती जाहिरातीत छापा. ‘पहिला तास सोडून बाकी उत्तम.’ मग म्हणे उणे ४५० करा, म्हणजे ‘मधला भाग तरी’ जुळेल. ऑफसेट सगळा आवाज एकदाच सरकवतो. ज्या रेषेला उतार आहे ती सरकवून सपाट होत नाही. हे कॉलवर सांगितले, लेखी सांगितले, आता परत सांगतो आहे.

तुमच्या सपोर्टच्या माहितीसाठी, उपाय असा आहे. माइकचा ट्रॅक दुसरा असेल तर:

```
ffmpeg -i varga.mp4 -filter_complex "[0:a:1]asetrate=48006,aresample=48000[m]" -map 0:v -map 0:a:0 -map "[m]" -c:v copy -c:a:0 copy -c:a:1 aac -b:a:1 192k sudharit.mp4
```

आकडा काढायचा तो असा: दोन खुणांमधला फरक ०.९ भागिले ७,२००, गुणिले ४८,००० म्हणजे ६. आवाज मागे पडत असेल तर हे ६ मिळवायचे, पुढे पळत असेल तर वजा करायचे. `asetrate` खरा वेग सांगतो, `aresample` त्यावरून नीट ४८,००० करून देतो. स्वर इतका कमी बदलतो की कानाला कळत नाही, आणि चित्र पुन्हा एन्कोड होत नसल्याने त्याची प्रतही बिघडत नाही. `aresample=async` वापरून इथे काही होत नाही, कारण ते फाइलमधल्या वेळेच्या नोंदींवर चालते आणि तुमच्या नोंदी घड्याळ बघून केलेल्या नाहीत, नमुने मोजून बनवलेल्या आहेत. फाइलच्या मते सगळे आलबेल आहे. एवढेच की हा ट्रॅक चित्रापेक्षा ०.९३ सेकंद लांब आहे:

```
ffprobe -v error -show_entries stream=codec_type,duration -of csv=p=0 varga.mp4
```

हा उपाय फक्त सरळ रेषेतल्या घसरणीला लागू आहे, पायऱ्या असतील तर प्रत्येक उडीपाशी कापूनच जुळवावे लागते. माइक बदलला की आकडा बदलतो. म्हणूनच हे काम ग्राहकाने कमांड टाइप करून करण्याचे नाही. रेकॉर्डिंग चालू असतानाच संगणकाच्या घड्याळाशी माइकचे नमुने ताडून हळूहळू दुरुस्त करत राहणे हे रेकॉर्डरचे काम आहे, आणि पैसे त्याचेच घेतले आहेत.

तेव्हा तीन मागण्या. ही दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत करा आणि ती कधी येणार हे लेखी कळवा. तोवर ‘दोन खुणा निवडा, ट्रॅक ताणा’ अशी साधी सोय द्या. आणि चाचणी किमान दोन तासांच्या रेकॉर्डिंगवर करा, पाच मिनिटांच्या नाही. तारीख देता येत नसेल तर वर्गणीचे पूर्ण पैसे परत करा.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली जाईल, आणि तिथेही काही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात. पुरावा म्हणून मूळ फाइल आणि कॉलचे टिपण जोडले जाईल. फाइल आयोगाने सुरुवातीपासून बघावी, अशी विनंतीही करू.

सोबत: ffprobe चे निकाल, तिन्ही खुणांचे वेव्हफॉर्मचे स्क्रीनशॉट.

आपला (अजून तरी) ग्राहक