गाडी गॅरेजमध्ये, टोल मात्र कापला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फास्टॅगमधून टोलचे पैसे चुकीचे कापले गेले, तर बहुतेक लोक ‘शंभर रुपयांसाठी कोण मागे लागणार’ म्हणून सोडून देतात. पैसे परत मिळतात आणि ते मिळवायची पद्धतही ठरलेली आहे. आमच्या घरी नुकतेच हे घडले. त्यातून जे कळले ते इतर वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

आमची गाडी क्लचच्या कामासाठी कराडमधल्या गॅरेजमध्ये उभी होती. संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला, विदर्भातल्या एका नाक्यावर ११५ रुपये कापले गेल्याचा. गाडीची चोरी झाली की काय, म्हणून आधी गॅरेजला फोन केला. गाडी जॅकवर होती, चाकेसुद्धा काढलेली.

मग टॅग कापला कसा? नाक्यावरचे यंत्र समोरच्या गाडीचा टॅग वाचू शकले नाही, तर लेनमधला कर्मचारी त्या गाडीचा नंबर हाताने टाइप करतो. त्या नंबराला जो टॅग जोडलेला असेल, त्यातून पैसे जातात. नंबर टाइप करताना एक आकडा चुकला, की भुर्दंड भलत्याच गाडीवर. बँकेकडे आग्रह धरल्यावर नाक्यावरचा फोटो मिळाला. त्यात आमच्याच मॉडेलची, दुसऱ्या रंगाची गाडी होती आणि नंबरात आमच्या ३ च्या जागी ८ होता. प्लेटवर चिखल होता, त्यामुळे ८ चा ३ वाचला गेला.

आता पैसे परत मिळवण्याविषयी. नाक्यावर फोन करून किंवा तिथे जाऊन भांडून काही होत नाही, कारण परताव्याचा अर्ज पुढे पाठवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. टॅग ज्या बँकेचा, तक्रार त्या बँकेकडेच करायची. ग्राहक सेवेचा माणूस ‘टोलवाल्यांशी बोला’ म्हणेल, आम्हालाही म्हणाला. त्याला शांतपणे सांगायचे की डिस्प्यूट नोंदवा आणि तक्रार क्रमांक द्या. बँकेच्या फास्टॅग पोर्टलवर किंवा अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारासमोरच डिस्प्यूटचा पर्याय असतो, तो वापरला तर लेखी नोंद आपोआप राहते. मग आपली बँक नाक्याच्या बँकेवर ‘चार्जबॅक’ टाकते आणि गाडी तिथून गेली होती हे दाखवायची वेळ नाक्यावर येते. पुरावा नसेल तर रक्कम परत येते. ती बचत खात्यात नाही, टॅगच्या शिलकीत जमा होते. तिथे पाहिले नाही तर पैसे आलेच नाहीत असे वाटते.

तक्रारीआधी पोर्टलवरून टॅगचे स्टेटमेंट उतरवून घ्यावे. मेसेज पुरेसा नसतो. तो कधी कधी तासन्‌तास उशिरा येतो आणि त्यातली वेळ गाडी नाक्यावरून गेल्याची आहे की पैसे कापल्याची, हे कळत नाही. स्टेटमेंटमध्ये व्यवहार क्रमांक, नाक्याचे नाव, लेन आणि टॅग वाचल्याची वेळ असते. आम्ही त्याला गॅरेजच्या जॉब कार्डाची प्रत, आरसी आणि पुढच्या काचेवरचा टॅग व नंबर प्लेट दोन्ही दिसतील असा गाडीचा फोटो जोडला. गाडी घरी उभी असेल तर सोसायटीच्या कॅमेऱ्याचे त्या वेळेचे चित्रण चालते, पण ते काही दिवसांत पुसले जाते, म्हणून लगेच मागून ठेवावे. तक्रारीलाही महिना उलटू देऊ नये, बँकांच्या मुदती असतात.

राष्ट्रीय महामार्गावरचा नाका असेल तर आणखी एक दार आहे. १०३३ या क्रमांकावर फोन करावा किंवा falsededuction@ihmcl.com या पत्त्यावर ईमेल करावा. हाताने चुकीची नोंद केल्याचे सिद्ध झाले तर टोल वसूल करणाऱ्या कंपनीला किमान १ लाख रुपये दंड होतो. म्हणून बँकेकडे अर्ज केल्यावरही हा ईमेल जरूर करावा. मात्र मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी महामार्ग हे राज्य रस्ते विकास महामंडळाचे, १०३३ च्या कक्षेत येत नाहीत. तिथे बँकेचाच मार्ग धरावा.

दोनदा कापल्याची तक्रार करताना मात्र नीट पाहावे. चोवीस तासांत त्याच नाक्यावरून परत आलो, तर दुसरी, कमी रकमेची नोंद बरोबर असते. जाऊन-येऊन दीडपट आकार हा नियमच आहे. एकाच नाक्यावर, एकाच दिशेला, काही मिनिटांच्या अंतराने दोन व्यवहार क्रमांक दिसले, तर ती खरी दुहेरी वसुली. आणखी एक प्रकार फार चीड आणतो. यंत्र चालत नाही म्हणून कर्मचारी रोख किंवा यूपीआयने पैसे घेतो आणि नंतर टॅगमधूनही कापले जातात. २०१८ च्या दुरुस्तीनंतरचा नियम असा, की टॅग चालू आहे, त्यात पुरेशी शिल्लक आहे आणि दोष नाक्याच्या यंत्रणेचा आहे, तर गाडी पैसे न घेता सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. ही पावती मागणारे लोक फार कमी. रोख दिलेच असतील तर त्या पावतीचा फोटो काढून ठेवावा, डिस्प्यूटमध्ये तोच कामी येतो.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा नाकारले, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही. त्याआधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे. आम्हाला तिथवर जावे लागले नाही, रक्कम परत आली.

महामार्ग प्राधिकरणाच्या माहितीनुसार महिन्याला सुमारे ३० कोटी व्यवहार होतात आणि चुकीच्या वजावटीच्या खऱ्या ठरलेल्या तक्रारी पन्नासच्या आसपास असतात. या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही. आमच्या एका गल्लीतच मी चौकशी केली, तेव्हा न केलेल्या प्रवासाचे पैसे गेलेले लोक निघाले आणि त्यांतल्या कोणीही तक्रार केलेली नव्हती. काहींनी मेसेज वाचलाच नव्हता. मालवाहू गाड्यांच्या मालकांना तर रोज इतके मेसेज येतात की त्यांतला एक खोटा ओळखणे अशक्य.

म्हणून संबंधित खात्याकडे माझी एकच मागणी आहे. टॅग न वाचता नंबर हाताने टाइप करून पैसे कापले असतील, तर मेसेजमध्ये तसे स्पष्ट लिहावे, आणि गाडी नाक्यावरून गेल्याची वेळ व लेन क्रमांक द्यावा. ही माहिती नाक्याच्या संगणकात असतेच. ती गाडीमालकाला मिळाली तर खोटी नोंद त्याच मिनिटाला ओळखता येईल आणि गाडी घरी असल्याचा पुरावा हाती असतानाच तक्रार करता येईल.

आपला,
एक वाचक, कराड