इस्त्रीत व्हिनेगर टाकू नको

चि. ओंकार,

काल फोनवर तू म्हणालास की केटल लिंबूसताने साफ करतो आणि त्याच दमात इस्त्रीच्या टाकीतही व्हिनेगर टाकतो. फोनवर नीट सांगता आलं नाही, आई मधेमधे बोलत होती, म्हणून लिहितोय. केटलचं चालेल पण इस्त्रीत व्हिनेगर अजिबात टाकू नको, मी दुकानात 22 वर्षं इस्त्र्या उघडल्यात, त्यातल्या कितीतरी लोकांनी अशाच "साफ करून" आणलेल्या.

आधी केटल. तुमच्या वाघोलीच्या टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, ते तापलं की कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, खडूसारखंच. तू म्हणतोस पाणी उकळायच्या आधीच खटकन बंद होतं, ते त्यामुळेच असणार. एलिमेंट स्टीलच्या तळाच्या खाली असतं, मधे थर आला की उष्णता पाण्यात जात नाही, तळ नको तेवढा तापतो आणि रिकामी केटल तापू नये म्हणून ठेवलेली पत्ती वीज आधीच तोडते. आवाजही वाढलाय ना, घुर्रर्र असा? मग तेच.

आता कर असं. किराणा दुकानातनं लिंबूसत आण, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडच. तुझ्या दीड लिटरच्या केटलमध्ये एक लिटर पाणी घाल, काठोकाठ भरू नको. पाणी कोमट झालं, बोट जेमतेम बुडवता येईल इतपत, की स्विच बंद कर, प्लग काढ आणि मगच दोन मोठे चमचे लिंबूसत हळूहळू टाक. बुडबुडे येतील, तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे काम चालू आहे. अर्धा तास तसंच ठेव. उकळायचं मात्र नाही, एकतर फेस उतू जाऊन खालच्या कनेक्टरमध्ये शिरतो, दुसरं म्हणजे गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेट कमी विरघळतं आणि एक थर काढता काढता दुसरा पांढरा थर बसतो, तो तर आणखी हट्टी!

बुडबुडे थांबले आणि थर अजून दिसतोय तर आम्ल संपलंय, ओतून दे, नवीन कर, जास्त वेळ भिजवून उपयोग नाही. बुडबुडेच नाहीत आणि नुसता इंद्रधनुष्यासारखा डाग दिसतोय तर तो स्टीलचा रंग, त्याने काही बिघडत नाही, सोड. शेवटी दोन-तीनदा धू आणि एकदा साधं पाणी उकळून फेकून दे. लिंबूसत नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं चालतं, पण वास दोन दिवस जात नाही. व्हिनेगरमध्ये सोडा घालतात लोक, फेस बघून खूश होतात, पण सोडा आम्लालाच मारतो, मग क्षाराला काय उरतं? तारेची घासणी नको, आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर हातातही घेऊ नको, त्यातलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड स्टीलला बारीक बारीक खड्डे पाडतं. केटल नळाखाली धरायची पण नाही, खालून ओली झाली की संपलं.

आता इस्त्री. तिच्या आत स्टील नाही रे, पाणी थेंबाथेंबाने तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर पडतं आणि वाफ होते. आम्ल अ‍ॅल्युमिनियमला खातं, आतलं कोटिंगही उठतं, रबरी सील कडक होतात आणि तू ते बाहेरून धुवून काढू शकत नाहीस. एका बाईंनी असंच केलेलं, मला उघडल्यावर आत राखाडी चिखल दिसला, प्लेट बदलायचा खर्च नव्या इस्त्रीएवढाच. टाकून दिली शेवटी.

त्यापेक्षा टाकीत साधं पाणी पूर्ण भर, इस्त्री मॅक्सवर तापव, दिवा गेला की प्लग काढ. मग सिंकवर आडवी धरून सेल्फ-क्लीनचं बटण दाबून ठेव आणि पुढेमागे हलव, उकळतं पाणी आणि पांढरे कपचे खालून पडतील, हात लांब ठेव. टाकी रिकामी होईपर्यंत कर, घाण दिसली तर परत एकदा. बटण नसेल तर मॅन्युअल बघ, काही इस्त्र्यांत वाफेची सुई बाहेर काढता येते, ती तेवढी व्हिनेगरमध्ये भिजवायची, इस्त्री नाही. प्लेटच्या भोकांभोवतीचा पांढरा थर थंड झाल्यावर ओल्या कापसाच्या काडीने काढ, पिन घालू नको. मग परत तापवून जुन्या टॉवेलवर फिरव, ऑफिसचा शर्ट लगेच घेऊ नको, पिवळे डाग पडतील!

इथून पुढे कपडे झाले की गरम असतानाच टाकी ओतून द्यायची, उरलेलं पाणी आत वाळलं की पुन्हा क्षार. मॅन्युअलमध्ये चालतं लिहिलं असेल तर निम्मं नळाचं आणि निम्मं डिमिनरलाइज्ड पाणी वापर.

केटलच्या तळाचा फोटो आधीचा आणि नंतरचा पाठव, तरीही मधेच बंद होत असेल तर तो पत्तीचा दोष, मग दिवाळीला घेऊन ये, मी बघतो.

बाबा