लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची ड्यूटी

महोदय,

गेल्या लक्ष्मीपूजनाला रात्री दहाच्या सुमारास आमच्या सोसायटीत भुईनळा हातातच फुटला आणि नातवाचा तळवा भाजला. सूनबाई टूथपेस्ट आणायला धावली, मी फ्रिजमधला बर्फ. आम्हा दोघांनाही गेटवरच्या वॉचमनकाकांनी अडवलं. "काही लावू नका," म्हणत त्यांनी पोराचा हात पार्किंगमधल्या नळाखाली धरला आणि चांगली वीस मिनिटं सोडला नाही. त्यांचा रिलिव्हर गावी गेला होता, म्हणून सकाळी सातपासून ते उभेच होते. त्यांच्या टेबलावर कुणीतरी ठेवलेलं फराळाचं ताट तसंच झाकलेलं होतं.

कॅज्युअल्टीतल्या सिस्टर हात बघून म्हणाल्या, "बरं झालं, नुसतं पाणीच घातलंत." पेस्ट किंवा हळद लावून आणलं, की जखम किती खोल आहे ते कळत नाही, आधी ते सगळं धुवून काढावं लागतं आणि पोरं जिवाच्या आकांताने ओरडतात. बर्फाने तर भाजलेली कातडी आणखी दुखावते. शेजारच्या खाटेवर पेस्ट लावून आलेली एक मुलगी होतीच. मावशी तिला पणत्यांची गोष्ट सांगत होत्या, तेवढ्यात सिस्टर तिचा हात धुवून घेत होत्या.

या सगळ्यांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. काका, यंदा ताट गरम असतानाच आणतो. तुम्ही जेवेपर्यंत गेटवर मी बसेन.

– एक आजोबा, पुणे