एकोणसत्तरचे एकोणऐंशी

प्रिय मन्या,

दिवाळीला उत्तर नाही, वाढदिवसाला नुसता अंगठा, आणि आता एकदम लांबलचक पत्र. म्हणजे काम आहे, हे तू ओळखलंच असशील. तब्येत ठीक, गुडघा होता तसाच, आई मजेत. झालं.

भाऊंच्या दुकानात मी आणि पम्याने उधारीचं ॲप लावलंय. तिथे रेंज म्हणजे टेकडीवर चढलं तर, त्यामुळे सगळं फोनमध्येच. ४ जीबी रॅमचा, सगळ्यांत स्वस्त असतो तसला फोन. भाऊ बोलतात, एक छोटं मॉडेल ते अक्षरांत उतरवतं, आणि दुसरं मॉडेल त्या वाक्यातून नाव, वस्तू, रक्कम, जमा की उधार एवढं काढून वहीत टाकतं. हे दुसरं म्हणजे जेम्मा ३, १ बी, आमच्या वाक्यांवर थोडं शिकवलेलं. शिंदेवहिनींच्या नावावर एकोणसत्तर रुपये टाकायचे होते. अक्षरांत 'एकोणसत्तर' अगदी नीट उमटलं होतं. वहीत गेले ७९. वहिनी दहा रुपयांसाठी भांडणाऱ्यातल्या नाहीत, पण भाऊंची वही आजवर चुकली नव्हती, हे त्या चारचौघांत म्हणाल्या. भाऊ मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मूळ १६ बिटांचं मॉडेल लॅपटॉपवर तेच वाक्य बरोबर वाचतं. म्हणजे शिकवण्यात खोट नाही; फोनवर मावावं म्हणून मॉडेलमधले आकडे, म्हणजे वजनं, कमी बिटांत लिहिली, त्या दाबण्यात आहे. आता तू हसणार, कारण होस्टेलवर १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीवरून तू आणि मी आठवडाभर अबोला धरला होता. 'कानाला कळत नाही ते गेलं तर बिघडलं काय?' हे तुझं वाक्य पम्या अजून तुझी नक्कल करून म्हणतो.

तर हिशोब असा. १६ बिटांची फाइल २ जीबी. ती या फोनवर चढते न चढते, आणि भाऊंनी मधेच व्हॉट्सॲप उघडलं की अँड्रॉइड आमचं ॲप बंद करून टाकतं. `Q8_0` मध्ये, म्हणजे वजनं ८ बिटांत लिहिली की, तीच साधारण १.०७ जीबी होते. ४ बिटांच्या `Q4_0` मध्ये ७२० एमबीच्या आसपास. आठावरून चारावर येऊनही निम्मी का होत नाही? कारण या मॉडेलचा शब्दसंग्रह २,६२,१४४ टोकनांचा, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांचा, आहे आणि प्रत्येकाला ११५२ आकडे; म्हणजे ३० कोटी वजनं, एकूण १०० कोटींतला जवळजवळ तिसरा हिस्सा, नुसत्या त्या तक्त्यात. `llama-quantize` तो तक्ता आपण काही न सांगता ८ बिटांतच ठेवतं. पम्याने तोही ४ वर आणला आणि दीडशे एमबी वाचवले. कौतुकाने मला स्क्रीनशॉट पाठवला होता.

`Q4_0` मध्ये ३२ वजनांचा एक गट असतो आणि अख्ख्या गटाला एकच मोजपट्टी. गटातलं सर्वांत मोठं वजन ०.८ असेल तर पट्टीवरची पायरी ०.१ ची. मग ०.०४ असो की उणे ०.०३, दोन्ही शून्य. तोच गट ०.०८ पर्यंतच जात असता तर पायरी ०.०१ ची पडली असती आणि ही दोन्ही वजनं जशीच्या तशी राहिली असती. म्हणजे एक दांडगा शेजारी आला की बाकीचे एकतीस पुसट होतात. बहुतेक शब्दांना याने फरक पडत नाही, कारण तिथे पहिला पर्याय दुसऱ्याच्या कितीतरी पुढे असतो. पण हे मॉडेल आकडा एकेक अंकाने लिहितं. 'एकोणसत्तर' दिसल्यावर पहिला अंक ६ लिहायचा, आणि समोर 'सत्तर' ७ म्हणून ओरडतंय. तिथे ६ जेमतेम पुढे होता. दाबण्यातली थोडी चूक मिसळली आणि ७ जिंकला. पुढचा ९ बिनचूक. 'पावणेदोनशे'चे २७५ झाले तेही याच रस्त्याने. 'तीस', 'पन्नास', 'दोनशे' एकदाही चुकले नाहीत.

आणि आम्हाला हे आधी का कळलं नाही? आम्ही मराठी मजकुरावर पर्प्लेक्सिटी, म्हणजे पुढचं टोकन ओळखताना मॉडेल किती गोंधळतं ते, पाहिली, ती किंचित वाढली होती, खूश झालो. सरासरीच ती. तू म्हणशील मूळ मॉडेलशी टोकनागणिक ताडून बघ. तेही केलं, फक्त उशिरा:

```
llama-perplexity -m f16.gguf -f dukan.txt --kl-divergence-base base.kld
llama-perplexity -m q4.gguf --kl-divergence-base base.kld --kl-divergence
```

पहिली फाइल एवढ्या मोठ्या शब्दसंग्रहामुळे दर टोकनला अर्धा एमबी खाते, तेव्हा मजकूर छोटाच दे, नाहीतर तुझी डिस्क भरेल. यात सरासरीकडे बघायचं नाही. ९९.९ टक्क्यांच्या पलीकडची शेपटी बघायची, आणि किती ठिकाणी दोघांचा पहिला पर्याय एकच आहे ते. सरासरी गरीब गाय होती. शेपटी बघून पम्या गप्प झाला. तरी ती शेपटी कोणत्या शब्दांची हे ते सांगत नाही. त्यासाठी शेवटी एक ते शंभर आणि वर सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच अशी यादीच चालवली. 'एकोण'ची अख्खी रांग लंगडत होती.

तक्ता परत ८ बिटांवर नेल्यावर बरंच सुधारलं, सगळं नाही. मग इमॅट्रिक्स. कोणतं वजन कामाचं हे नमुना मजकूर चालवून मोजायचं आणि गोल करताना त्याला सांभाळायचं; तुझ्या एमपीथ्रीतला कान तो हाच. नेटवर फिरणारे नमुने बहुतेक इंग्रजीचे, म्हणजे कान परक्याचा. भाऊंची वाक्यं दिली तेव्हा 'एकोण' सावरलं, 'पावणे' अजून अधूनमधून घसरतं. `Q8_0` घेतलं तर सगळं बरोबर, पण प्रत्येक टोकनला सगळी वजनं मेमरीतून वाचावी लागतात, त्यामुळे फाइल जाड तितका वेग कमी. गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहतं.

मी ठरवलंय की मॉडेलने आकडा करायचाच नाही. त्याने 'एकोणसत्तर' हा शब्द जसाच्या तसा उचलून द्यायचा, ६९ आमचा कोड करेल. उचलणं दाबलेल्या मॉडेललाही जमतं, यादीवर ते तपासलं. पम्याला हा पराभव वाटतो.

पण मला झोप येत नाही ती वेगळ्याच कारणाने. आकड्यांना यादी करता आली म्हणून सापडले. 'शिंदेंचे दिले' आणि 'शिंदेंना दिले' यात जमा-उधार उलटतं, तो फरकही असाच जेमतेम पुढे असला तर? त्याची यादी मी कुठून आणू? प्रत्येक नोंदीला पहिल्या-दुसऱ्या पर्यायातलं अंतर बघून, ते कमी असेल तर भाऊंना विचारायचं असा बेत आहे. पण दाबलेलं मॉडेल चुकतानाही कधी कधी चांगलं ठाम असतं. ही मर्यादा कुठे धरायची, यावर तुझं डोकं हवंय. सिग्नलचा माणूस तू; मी आपला वही लिहिणारा.

तुझी नवी नोकरी कशी आहे? वैभवीचं ऑपरेशन नीट झालं ना? घर बदललं असं पम्याकडून कळलं, तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही, सोड.

आणि एक. नानांच्या दुकानाच्या जुन्या वह्या माळ्यावर आहेत अजून? त्यातल्या अक्षरी नोंदींचे, विशेषतः 'यांचे', 'यांना', 'यांजकडून' असलेल्या पानांचे फोटो काढून पाठव. नावं झाकलीस तरी चालेल. लवकर पाठव, भाऊंनी फोन गल्ल्यात ठेवून कागदाची वही पुन्हा काढलीये.

तुझा,
बंड्या